मदत हवी आहे: जर्मन मूळ कंपनीला दिलेल्या डिझाइन सेवेवर आमचा नफा १३ टक्के, तुलनीय कंपन्यांची सरासरी १८. फरक भरावा लागेल का?

शेंद्रा_हिशोब

नमस्कार. शेंद्रा एमआयडीसीतल्या एका इंजिनिअरिंग डिझाइन कंपनीचे हिशोब माझ्याकडे आहेत. वाहनांच्या सुट्या भागांचं कॅड डिझाइन करून जर्मनीतल्या मूळ कंपनीला द्यायचं, एवढंच काम. दुसरा ग्राहक नाही. करारात लिहिलंय, एकूण खर्च अधिक १० टक्के. बिल युरोत.

आर्थिक वर्ष २०२४-२५ चे आकडे असे. सेवेचं उत्पन्न १३.४२ कोटी. इतर उत्पन्न ३९ लाख, त्यात एफडीचं व्याज ३० लाख आणि युरोच्या दरातला फायदा ९ लाख. एकूण खर्च १२.२० कोटी. त्यात पगार ८.१० कोटी, घसारा ५५ लाख, कर्जाचं व्याज १६ लाख, जुन्या मशिनरीच्या विक्रीतला तोटा ४ लाख, बाकी भाडं, वीज, प्रवास वगैरे. करपूर्व नफा १.६१ कोटी, म्हणजे खर्चाच्या १३.२० टक्के.

डेटाबेसमधून डिझाइन सेवा देणाऱ्या ११ कंपन्या काढल्या. प्रत्येकीच्या तीन वर्षांच्या टक्केवारीची सरासरी घेतली आणि मग सगळ्यांची मिळून सरासरी काढली, ती साधारण १८ टक्के आली. आमच्यात आणि त्यांच्यात जवळपास ५ टक्क्यांचा फरक पडतोय. परदेशातल्या संबंधित कंपनीशी झालेल्या व्यवहारांचा अहवाल, फॉर्म ३सीईबी, भरायचा आहे. हा फरक उत्पन्नात दाखवावाच लागेल का? की शीटमध्येच चूक आहे?

लेखाजोखा_परभणी

तीन टक्के सूट असते हो. १८ मधून ३ गेले, १५ उरले. तुमचे १३.२० आहेत, म्हणजे फरक दोनाच्याही आत. तेवढा भरून मोकळे व्हा.

आणि एफडीचं व्याज नफ्यात धरू नका, ते सेवेचं उत्पन्न नाही. तसंच खर्चातून कर्जाचं व्याज आणि घसारा दोन्ही काढा. ऑपरेटिंग नफा म्हणजे व्याज आणि घसाऱ्याच्या आधीचा नफा. घसारा काढला की तुमची टक्केवारी वर जाईल.

गोदाकाठ

लेखाजोखा, एफडी आणि कर्जाच्या व्याजाचं तुमचं बरोबर आहे. घसाऱ्याचं नाही. डिझाइनच्या कामाला वर्कस्टेशन लागतात, त्यांची झीज हा त्या सेवेचाच खर्च आहे. निव्वळ नफ्याच्या पद्धतीत तो ऑपरेटिंग खर्चातच राहतो, आणि तुलनीय कंपन्यांच्या खर्चातही ठेवावा लागतो. एका बाजूला काढायचा आणि दुसऱ्या बाजूला ठेवायचा, असं चालत नाही. तीन टक्के सुटीचं पुढे येईल, तीही इथे तशी लागत नाही.

शेंद्रा, आधी तुमचाच आकडा नीट करू. कंपन्यांकडे नंतर.

ऑपरेटिंग उत्पन्न १३.४२ कोटी. ऑपरेटिंग खर्च म्हणजे १२.२० कोटींतून व्याजाचे १६ लाख आणि मशिनरीच्या तोट्याचे ४ लाख वजा, म्हणजे बरोबर १२ कोटी. नफा १.४२ कोटी. भागिले १२, ११.८३ टक्के. तुमचे १३.२० नव्हेत.

युरोच्या फायद्याचे ९ लाख मी अजून बाजूला ठेवलेत. ते धरले तर १२.५८ टक्के होतात. सेवेच्या बिलावरच हा फायदा झाला असेल तर तो ऑपरेटिंग आहे असं म्हणायला चांगला आधार आहे, न्यायाधिकरणांनी तसं बऱ्याचदा मानलंय. सरकारनं ठरवलेला नफा दाखवला की किंमत मान्य होते, त्या सेफ हार्बरच्या नियमांत मात्र परकीय चलनाचा नफा-तोटा ऑपरेटिंगमधून वगळलेला आहे आणि अधिकारी कधी कधी तोच धागा पकडतात. म्हणून दोन्ही आकडे काढून ठेवा, आणि कमी असलेल्या आकड्यावर उभं राहता येतंय का ते आधी पाहा. जो मार्ग घ्याल तोच तुलनीय कंपन्यांना लावा.

आता शीट. प्रत्येक कंपनीच्या तीन टक्केवाऱ्यांची साधी सरासरी घेतलीत, चूक तिथेच आहे. नियम १०सीए वजनी सरासरी मागतो. तीन वर्षांचे नफे एकत्र, तीन वर्षांचे खर्च एकत्र, मग भागाकार. वाढत्या कंपनीत यानं मोठा फरक पडतो. तुमच्या यादीतल्या एखाद्या कंपनीचे तिन्ही वर्षांचे आकडे इथे टाका, दाखवतो.

आणि त्या ११ कंपन्यांपैकी प्रत्येकीच्या वार्षिक अहवालातल्या टिपा वाचल्यात का? डेटाबेसमधला उद्योगाचा कोड बघून निवडलेली कंपनी बऱ्याचदा वेगळंच काही विकत असते.

लातूर_डाळमिल

मध्येच विचारायलो, माफ करा. आमची डाळमिल प्रायव्हेट लिमिटेड आहे, भावाची वाहतुकीची फर्म आहे. मिल त्या फर्मला वर्षाला ४० लाख भाडं द्यायली. सीए साहेब म्हणले संबंधित पक्षाचा व्यवहार आहे, आर्म्स लेंग्थ म्हणजे परक्याला दिला असता तोच भाव आहे असं दाखवा. म्हणजे मलाही हे ११ कंपन्यांचं करावं लागतंय का? ३सीईबी भरावा लागतो का?

गोदाकाठ

दादा, तुमचा प्रश्न वेगळा आहे. दोन्ही पक्ष इथलेच, आणि कोणी नफ्यावरच्या खास करसवलतीचा दावा करत नाही असं धरतो. आधी नातेवाईकांना दिलेले खर्च देशांतर्गत ट्रान्सफर प्रायसिंगमध्ये, म्हणजे संबंधित पक्षांतल्या किमतींच्या तपासणीत, यायचे, पण २०१७ च्या वित्त कायद्यानं ते त्यातून वगळले. त्यामुळे ३सीईबी नाही.

मात्र कलम ४०ए(२) आहेच. भाडं बाजारभावापेक्षा जास्त वाटलं तर जादा भाग खर्च म्हणून नाकारता येतो. तुम्हाला त्याच मार्गावरच्या दोन-तीन बाहेरच्या वाहतूकदारांची दरपत्रकं पुरतात, टनामागे आणि किलोमीटरमागे. निव्वळ नफ्याची पद्धत तुमच्या कामाची नाही, कारण तुम्हाला थेट दर मिळतो. प्रायव्हेट लिमिटेड आहात, तर कंपनी कायद्याच्या कलम १८८ साठी संचालक मंडळाचा ठरावही पाहून घ्या.

शेंद्रा_हिशोब

गोदाकाठ सर, खूप आभार. दिवसभर टिपा वाचल्या. तीन कंपन्या गेल्या. एकीचा नफा ३४ टक्के होता, पण ती स्वतःचं सॉफ्टवेअर बनवून त्याचे परवाने विकते आणि सेवेचा हिशोब वेगळा दाखवत नाही. दुसरीचे ४१ टक्के व्यवहार तिच्याच गटातल्या कंपन्यांशी आहेत. तिसरीचं उत्पन्न मुख्यतः यंत्रांच्या व्यापाराचं निघालं.

एका कंपनीचे आकडे देतो. खर्च अनुक्रमे १०, २० आणि ३० कोटी. नफा ३, ३ आणि १.८६ कोटी. माझ्या शीटमध्ये तिचे १७.०७ टक्के दिसत होते. एकत्र करून भागलं तर ७.८६ भागिले ६०, म्हणजे १३.१० टक्के. चार टक्के एकाच कंपनीत गेले. बाकी कंपन्यांचेही थोडे हलले.

उरलेल्या आठ चढत्या क्रमानं: ६.२०, ८.९०, ११.४०, १३.१०, १४.६०, १५.८०, १८.३०, २१.६०.

पहिल्या कंपनीला तीनपैकी एका वर्षी तोटा आहे. ठेवू की काढू?

गोदाकाठ

ठेवा. सतत तोट्यातली कंपनी वगळायची प्रथा आहे. एका वर्षाचा तोटा म्हणजे सतत नव्हे. मात्र तोटा कशामुळे झाला ते अहवालातून शोधून कागदपत्रांत लिहा. ग्राहक गेला म्हणून झाला असेल तर तो धंद्यातला नेहमीचा धोका आहे. कारखान्याला आग लागून काम बंद पडलं असेल तर ते वर्ष तुलनेला घेणं अवघड. गटांतर्गत व्यवहाराची ४१ टक्केवाली काढलीत ते बरोबर, साधारण २५ टक्क्यांची मर्यादा लावतात.

आता तीन टक्क्यांचं. सहा किंवा जास्त तुलनीय कंपन्या असल्या की सरासरी नाही, पट्टा लागतो: ३५ व्या शतमकापासून ६५ व्या शतमकापर्यंत. तुम्ही पट्ट्यात असलात तर तुमचीच किंमत आर्म्स लेंग्थ धरली जाते. बाहेर असलात तर किंमत थेट मध्यकावर जाते, पट्ट्याच्या जवळच्या टोकावर नाही. तीन टक्क्यांची सूट फक्त सहापेक्षा कमी कंपन्या असताना, म्हणजे सरासरी वापरली जाते तेव्हा. तेव्हाही ती व्यवहाराच्या किमतीवर मोजतात. नफ्याच्या टक्केवारीतून तीन वजा करायचे नसतात, लेखाजोखांचा गोंधळ तिथे झालाय.

आठ कंपन्यांत ३५ टक्के म्हणजे २.८. पूर्णांक नाही, म्हणून वरची, तिसरी: ११.४०. ६५ टक्के म्हणजे ५.२, म्हणून सहावी: १५.८०. मध्यक म्हणजे बरोबर ४, पूर्णांक आला, म्हणून चौथी आणि पाचवी यांची सरासरी: १३.८५.

तुमचे ११.८३ पट्ट्यात आहेत. युरोचा फायदा न धरताही.

लेखाजोखा_परभणी

सर, पट्ट्याचं मान्य, शिकलो. पण एक्सेलमध्ये हे आकडे टाकून पाहिले, खालचं टोक १२.१७ येतंय. मग ११.८३ बाहेर पडतात की!

```
=PERCENTILE.INC(B2:B9,0.35)
```

गोदाकाठ

एक्सेलचं हे सूत्र दोन आकड्यांच्या मधली किंमत अंदाजानं काढतं. ११.४० आणि १३.१० च्या मध्ये कुठेतरी जाऊन थांबतं. नियमात तशी मधली किंमत नाही. नियम म्हणतो, यादीतला असा सगळ्यात छोटा आकडा घ्या की निदान ३५ टक्के आकडे त्याच्याएवढे किंवा त्याच्याहून कमी असतील. म्हणून यादीतलाच आकडा येतो. अपवाद एकच: गुणाकार पूर्णांक आला तर तो आणि पुढचा यांची सरासरी. चढत्या क्रमाच्या यादीत, पूर्णांक नसताना, हे चालेल:

```
=SMALL(B2:B9,ROUNDUP(0.35*COUNT(B2:B9),0))
```

परभणीकरांनी हे विचारलं ते बरं झालं. कितीतरी अहवालांत ही एक ओळ चुकलेली असते आणि कंपनी नसलेला फरक भरते, किंवा उलट, असलेला फरक दिसत नाही.

मांजरा_टीपी

शेंद्रा, मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. गोदाकाठांनी पाया नीट घातलाय, पण त्यावर लगेच निर्धास्त होऊ नका.

पहिली. कॅडचे परवाने कोणाच्या नावावर आहेत? तुमच्या खर्चात पगार, भाडं, वीज, प्रवास दिसला, परवान्यांचा मोठा आकडा दिसला नाही. डिझाइनच्या कंपनीत तो असतोच.

दुसरी. ३सीईबी भरताना चालू वर्षाचे आकडे किती तुलनीय कंपन्यांचे मिळाले? ३१ ऑक्टोबरपर्यंत बऱ्याच कंपन्यांचे मार्चचे ताळेबंद डेटाबेसमध्ये आलेले नसतात. मग आधीच्या दोन वर्षांवर काम होतं, आणि तपासणीच्या वेळी अधिकारी चालू वर्ष जोडतो. तुमच्या त्या १३.१० टक्केवाल्या कंपनीचे १.८६ कोटी शेवटच्या वर्षाचेच आहेत ना? ते धरले नाहीत तर तिचे ६ भागिले ३०, म्हणजे २० टक्के होतात. एकाच कंपनीनं मध्यक हलतो.

शेंद्रा_हिशोब

ताई, परवाने जर्मन कंपनीच्या नावावर आहेत. इथल्या मुलांना तिथून लॉगिन मिळतं. आम्हाला बिल येत नाही. त्यांनी कळवलेल्या हिशोबानुसार आमच्या वाट्याची किंमत वर्षाला साधारण १.५० कोटी.

चालू वर्ष आठपैकी पाच कंपन्यांचं मिळालं, त्यात ती कंपनीही आहे.

मांजरा_टीपी

मग हेच तुमच्या फाइलमधलं सगळ्यात नाजूक पान आहे.

अधिकारी असं म्हणू शकतो: तुलनीय कंपन्या परवाने स्वतः विकत घेतात, तो त्यांच्या खर्चात आहे. तुमच्या खर्चात नाही, म्हणून तुमचा भाजक लहान आणि टक्केवारी फुगलेली. परवान्यांचे १.५० कोटी खर्चातही धरा आणि उत्पन्नातही. नफा तोच १.४२ कोटी, भाजक १३.५० कोटी. टक्केवारी १०.५२. पट्ट्याच्या खाली.

तुमची बाजूही कमकुवत नाही. नियम १०बी मध्ये कंपनीनं केलेल्या खर्चाचा शब्द आहे, आणि हा खर्च कंपनीनं केलेला नाही. परवाने कुठले घ्यायचे, किती घ्यायचे, पडून राहिले तर तोटा कोणाचा, हे सगळं जर्मनीत ठरतं. तुम्ही त्यात कुठला धोका घेत नाही, म्हणून त्यावर नफाही मागत नाही. पण हे तोंडी सांगून भागत नाही. परवान्यांचा करार, लॉगिन कोणाच्या नियंत्रणात आहे याचा पुरावा, आणि मूळ करारात ‘साधनं मूळ कंपनी विनामूल्य देईल’ असं स्पष्ट कलम, हे वर्ष संपण्याआधीचं असायला हवं. नंतर घाईघाईनं केलेल्या कागदाचं वजन कमी असतं.

गोदाकाठ

परवान्यांचा मुद्दा मांजरांनी बरोबर काढला, माझ्या नजरेतून सुटला होता. माझं मत थोडं वेगळं आहे. कंपनीनं खर्च केलाच नाही तर काल्पनिक खर्च भाजकात आणणं नियमाच्या शब्दांत बसत नाही. आणायचाच असेल तर तुलनीय कंपन्यांच्या खर्चातून परवाने काढून दोन्ही बाजू सारख्या करणं जास्त न्याय्य. पण तुलनीय कंपन्या परवान्याचा खर्च वेगळा दाखवतीलच असं नाही, काही जणी तो इतर खर्चात घालतात.

मांजरा_टीपी

म्हणूनच तो मार्ग प्रत्यक्षात अडतो. इथे आपलं एकमत होईल असं वाटत नाही, आणि अधिकाऱ्यांचंही होत नाही.

शेंद्रा, गादी किती पातळ आहे तेही बघा. ११.८३ आणि ११.४० मध्ये ०.४३ टक्का. १२ कोटींवर ते पाच लाखांच्या आसपास होतात. आता समजा अधिकाऱ्यानं ६.२० वाली तोट्याच्या कारणावरून काढली आणि २४.५० टक्क्यांची एक नवी आणली. यादी होईल ८.९०, ११.४०, १३.१०, १४.६०, १५.८०, १८.३०, २१.६०, २४.५०. खालचं टोक १३.१०, मध्यक १५.२०. तुम्ही बाहेर. १२ कोटींवर १५.२० टक्के म्हणजे १.८२४ कोटी, त्यातून १.४२ गेले, उत्पन्नात ४०.४ लाखांची वाढ. युरोचा फायदा धरला तरी १२.५८ बाहेरच, फक्त वाढ ३१.४ लाखांवर येते. एक कोटीच्या आत असल्यानं दुय्यम समायोजनाचं, म्हणजे वाढीची रक्कम मूळ कंपनीकडून प्रत्यक्ष आणायचं किंवा तिच्यावर व्याज मोजायचं, ओझं तेवढं येणार नाही.

म्हणून तोट्याच्या कारणाची टीप गोदाकाठांनी सांगितली तशी आत्ताच लिहा. आणि वसुलीचे दिवस मोजा. मूळ कंपनी तुम्हाला २५-३० दिवसांत पैसे देत असेल आणि तुलनीय कंपन्यांचे ८५-९० दिवस अडकत असतील, तर त्यांच्या किमतीत उधारीचं व्याज दडलेलं आहे. ६० दिवसांचा फरक, १० टक्के व्याजदरानं विक्रीच्या सुमारे १.६ टक्के होतो. देणी आणि साठा धरून हे खेळत्या भांडवलाचं समायोजन केलं तर तुलनीय कंपन्यांचे टक्के खाली येतील. तुमच्या पातळ गादीला तो खरा आधार आहे.

लेखाजोखा_परभणी

एवढ्या भानगडीपेक्षा सेफ हार्बर का घेत नाहीत? अधिकारी प्रश्नच विचारत नाही.

मांजरा_टीपी

२०२४-२५ साठी पाहायचं तर इंजिनिअरिंग डिझाइन ज्ञानाधारित सेवेच्या गटात येतं. त्यात पगाराचा वाटा खर्चाच्या ६० टक्के किंवा जास्त असेल तर २४ टक्के नफा दाखवावा लागतो. यांचे पगार १२ कोटींत ८.१० कोटी, म्हणजे ६७.५ टक्के. १.४२ कोटींच्या जागी २.८८ कोटी नफा दाखवायचा. मध्यकापेक्षाही दहा टक्के वर. शांततेची ही किंमत फार आहे.

शेंद्रा_हिशोब

सगळं टिपून घेतलं. वसुलीचे दिवस काढले, आमचे सरासरी २८. कंपन्यांचे काढायला घेतो. परवान्यांचा करार जर्मनीहून मागवलाय. एकच शंका. आमचा करार खर्च अधिक १० टक्के आहे, मग टक्केवारी ११.८३ कशी आली? १० यायला हवी होती ना?

गोदाकाठ

हा प्रश्न सगळ्यात आधी विचारायला हवा होता, आणि तो मी विचारायला हवा होता.

करारात एकूण खर्च लिहिलंय, ऑपरेटिंग खर्च नाही. त्यामुळे कर्जाचं व्याज आणि मशिनरीचा तोटा, हे २० लाखही तुम्ही १० टक्के लावून मूळ कंपनीला बिलात घातले. २२ लाख आले. खर्चाच्या बाजूनं ते २० लाख आपण ऑपरेटिंग नाहीत म्हणून काढले, पण उत्पन्नात २२ लाख तसेच राहिले. १२ कोटींवरचे खरे १० टक्के म्हणजे १.२० कोटी, त्यावर हे २२ लाख. झाले १.४२.

एखादा बारकाईनं पाहणारा अधिकारी म्हणेल, ते २२ लाख सेवेचं उत्पन्न नाही, व्याजाची भरपाई आहे. मग तुम्ही थेट १० टक्क्यांवर. आणि त्यानं काही म्हटलं नाही तरी कर्ज फिटलं की व्याज शून्य होईल, बिलातला तो भागही जाईल, आणि कुठलाही बदल न करता टक्केवारी १० वर येईल. ११.४० च्या खाली. ते कर्ज कधी फिटतंय?

शेंद्रा_हिशोब

शेवटचा हप्ता याच डिसेंबरमध्ये आहे.

मांजरा_टीपी

मग करार आत्ताच उघडा. ‘एकूण खर्च’ काढून ‘ऑपरेटिंग खर्च’ लिहा, व्याज आणि मालमत्तेचा नफा-तोटा बाहेर ठेवा, परवान्यांचं कलम घाला. आणि १० चा आकडा नव्या पट्ट्यावर तपासून बदला. जर्मनीच्या बाजूनं त्यांचा खर्च वाढतो, ते लगेच हो म्हणणार नाहीत, म्हणून आठ कंपन्यांचा तक्ता सोबत पाठवा. मागच्या तारखेचा बदल मात्र करू नका. २०२४-२५ चं वर्ष आहे त्या करारावरच लढवावं लागेल.